लुंबिनीच्या मंदिराचं वय कसं ठरलं?

२०१३च्या नोव्हेंबर अखेरीस जगभरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी झळकली. नेपाळच्या तराईत, लुंबिनीच्या मायादेवी मंदिराखाली, इ.स.पू. सहाव्या शतकातलं एक लाकडी पूजास्थान सापडलं आहे आणि त्यामुळे बुद्धाचा काळ आता पुराव्यानिशी ठरला आहे, असा त्या बातमीचा सूर होता. उत्खनन केलं होतं इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाचे रॉबिन कॉनिंगहॅम आणि नेपाळचे कोष प्रसाद आचार्य यांच्या पथकानं, युनेस्कोच्या प्रकल्पातून. पथकाचा शोधनिबंध त्याच डिसेंबरात ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात आला.

बातमी वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं की प्रयोगशाळेत काहीतरी घातलं आणि यंत्रानं मंदिराचं वय सांगितलं. तसं कधीच होत नाही. मंदिराचं वय सांगणारं यंत्र अस्तित्वात नाही. एक यंत्र सांगतं की अमुक लाकूड कधी मेलं. दुसरं सांगतं की वाळूच्या अमुक कणानं सूर्यप्रकाश शेवटचा कधी पाहिला. शिलालेख सांगतो की अमुक राजानं अमुक वर्षी ही अक्षरं कोरून घेतली. या तिन्ही घटना मंदिर बांधण्याच्या घटनेपेक्षा वेगळ्या आहेत. त्यांना मंदिराशी जोडण्याचं काम माती करते, आणि ते जोडणं किती घट्ट आहे यावर सगळं अवलंबून असतं. लुंबिनीत मातीचे थर, कार्बन-१४ आणि शिलालेख हे तिन्ही पुरावे एकाच आवारात आहेत, म्हणून ही गोष्ट तिथूनच समजून घेऊ.

सुरुवात सर्वांत भक्कम टोकापासून करावी. लुंबिनीत मंदिराच्या पश्चिमेला अशोकाचा दगडी स्तंभ उभा आहे. १८९६च्या डिसेंबरात नेपाळचे जनरल खड्ग शमशेर राणा यांच्या माणसांनी त्याच्या बुंध्याभोवतीची माती काढली, तेव्हा आतापर्यंत जमिनीखाली दडलेल्या भागावर ब्राह्मी लिपीतला छोटा लेख दिसला. त्या वेळी तिथे ब्रिटिश सरकारच्या पुरातत्त्व खात्यात काम करणारे अलॉइस फ्यूरर हे जर्मन संशोधक होते. लेखाचा आशय असा: देवांचा प्रिय राजा प्रियदर्शी अभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर स्वतः इथे आला, त्यानं पूजा केली, कारण इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले, त्यानं दगडी स्तंभ उभारला, लुंबिनी गावाला ‘बली’ या करातून सूट दिली आणि शेतसाऱ्याचा आठवा भागच ठेवला.

‘अभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर’ ही झाली तारीख. पण ती अशोकाच्या घड्याळातली तारीख आहे. त्या काळी शक, विक्रम असे चालू संवत नव्हते, राजाच्या राज्यारोहणापासून वर्षं मोजत. मग त्याचा अभिषेक कधी झाला हे आपल्याला कसं कळतं? इथे पुराभिलेखशास्त्रातली एक फार सुंदर साखळी आहे.

अशोकाच्या तेराव्या गिरिलेखात कलिंग युद्धाचा पश्चात्ताप आहे, तो सगळ्यांना माहीत असतो. त्याच लेखाच्या पुढच्या भागात, ज्यांच्या राज्यांपर्यंत आपला धम्म पोचला असं अशोक म्हणतो, अशा पाच यवन म्हणजे ग्रीक राजांची नावं येतात: अंतियोक, तुरमाय, अंतेकिन, मका आणि अलिकसुदर. हे पाचही जण ग्रीक इतिहासाला ठाऊक आहेत. अंतियोक म्हणजे सीरियाचा दुसरा अँटिओकस, राज्य इ.स.पू. २६१ ते २४६. तुरमाय म्हणजे इजिप्तचा दुसरा टॉलेमी, तोही इ.स.पू. २४६मध्ये वारला. अंतेकिन हा मॅसिडोनियाचा अँटिगोनस, त्याचं राज्य इ.स.पू. २३९पर्यंत चाललं. मका म्हणजे सायरीनीचा मॅगस, तो इ.स.पू. २५०च्या सुमारास वारला. अलिकसुदराबद्दल मतभेद आहेत. बहुतेक अभ्यासक त्याला एपिरसचा अलेक्झांडर मानतात आणि त्याची कारकीर्द इ.स.पू. २५५च्या सुमारास संपली.

आता ही पाचही नावं एकाच लेखात, हयात राजांची म्हणून येतात. म्हणजे पाचही जण एकाच वेळी गादीवर असण्याचा जो काळ, त्यातच हा लेख लिहिला गेला असला पाहिजे; फार तर बातमी भारतात पोचायला लागणारं वर्षभर पुढेमागे. तो काळ इ.स.पू. २६१ आणि २५५च्या दरम्यान येतो. गिरिलेखांच्या याच मालिकेत अभिषेकानंतरच्या बाराव्या आणि तेराव्या वर्षाचे उल्लेख आहेत. तेवढी वर्षं मागे गेलं की अभिषेक इ.स.पू. २६९-२६८च्या आसपास पडतो, आणि त्यात वीस वर्षं पुढे आलं की लुंबिनीचा स्तंभ इ.स.पू. २४९च्या आसपास. चूक असलीच तर काही थोड्या वर्षांची. सव्वादोन हजार वर्षांमागच्या घटनेसाठी एवढी अचूकता कुठल्याही प्रयोगशाळेला जमत नाही. (याच गिरिलेख मालिकेतल्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींना आपल्या नालासोपाऱ्याला मिळाला आणि नवव्याचा १९५६मध्ये. राजांची नावं असलेला तेरावा लेख तिथे मिळाला नाही, तो कालसी, शाहबाजगढी यांसारख्या ठिकाणी आहे.)

शिलालेखाच्या बाबतीत दोन प्रश्न मात्र नेहमी विचारावे लागतात. पहिला, तो खरा आहे का? लुंबिनीच्या बाबतीत हा प्रश्न पोकळ नाही. फ्यूरर यांनी इतरत्र खोटे अवशेष बुद्धाचे म्हणून खपवल्याचं आणि न केलेल्या शोधांची वर्णनं छापल्याचं पुढे उघड झालं, १८९८मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. त्यामुळे त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक गोष्टीकडे संशयानं पाहणं रास्तच आहे. पण हा लेख टिकतो. खोदकाम जनरलच्या माणसांनी केलं होतं आणि अक्षरं जमिनीखालच्या भागावर होती. भाषाही मगधाकडची आहे: तिच्यात ‘राजा’चा ‘लाजा’ होतो, ‘र’च्या जागी ‘ल’ येतो, अशोकाच्या पूर्वेकडच्या इतर लेखांत येतो तसाच. अक्षरांची वळणंही त्याच काळाची आहेत. लेखावर वर्ष नसतं तेव्हा अभ्यासक याच वळणांवरून काळ ठरवतात. पण लिपी हळूहळू बदलते आणि प्रदेशागणिक वेगळी बदलते, त्यामुळे तो अंदाज पन्नास-शंभर वर्षं इकडेतिकडे होऊ शकतो.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: लेख ज्या वस्तूवर आहे, त्या वस्तूशी त्याचा काळ जुळतो का? याच स्तंभाच्या वरच्या भागात आणखी एक लेख आहे. रिपु मल्ल या राजाचं नाव आणि ‘ओं मणि पद्मे हूं’ हा मंत्र त्यात कोरला आहे, आणि तो चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. दगड एकच, लेख दोन, आणि मध्ये साडेपंधराशे वर्षं. खालचा लेख जमिनीत गाडलेलाच राहिला असता, तर वरच्या लेखावरून कुणी हा स्तंभ मध्ययुगातला ठरवला असता. लेख त्याच्या कोरण्याची तारीख देतो. बांधकाम त्याहून जुनं असू शकतं.

लुंबिनीत नेमकं तेच घडलं आहे. अशोक तिथे आला, कारण ती जागा आधीपासून पूजली जात होती. मग किती आधीपासून? याचं उत्तर स्तंभ देऊ शकत नाही. त्यासाठी त्याच्या शेजारच्या मंदिराच्या पोटात उतरावं लागतं.

थरांचं मूळ तत्त्व साधं आहे. खालचा थर आधी साचला, वरचा नंतर. पण खरी जमीन इतकी आज्ञाधारक नसते. लोक खड्डे खणतात, विहिरी काढतात, जुन्या भिंतींच्या विटा काढून नेतात, उंदीर बिळं करतात, झाडं मुळं रोवतात. वरून खणलेला खड्डा चार थर भेदून खाली जातो आणि मग वरच्या काळातली वस्तू जुन्या थराच्या पातळीला जाऊन बसते. म्हणून उत्खनन करणारा खोलीला महत्त्व देत नाही, कडांना देतो. खड्ड्याची कड कोणत्या थराला कापते आणि कोणता थर त्या खड्ड्यावर झाकणासारखा सलग पसरला आहे, हे पाहायचं. जो थर कापला गेला तो खड्ड्याहून जुना, जो वर सलग पसरला तो खड्ड्याहून नवा. हे वाचण्यासाठी खंदकाची उभी बाजू धारदार खुरप्यानं साफ करून तिचा रंग, पोत, ओल बघत तासन्‌तास उभं राहावं लागतं, आणि माझ्या मते संपूर्ण पुरातत्त्वातलं हे सर्वांत कठीण काम आहे. प्रयोगशाळेतली चूक पुन्हा मोजून दुरुस्त करता येते. उकरून टाकलेला थर परत घालता येत नाही.

मायादेवी मंदिराच्या आत पथकाला वरून खाली जाताना आधी मौर्यकालीन विटांचं बांधकाम लागलं. त्याखाली त्याहून जुन्या विटांची रचना होती. आणि त्याच्याही खाली विटा संपल्या आणि मातीत गोल डाग दिसू लागले.

हे डाग म्हणजे खांबांचे खळगे. लाकडी खांब जमिनीत पुरला, पुढे कुजला किंवा उपटला, की त्याच्या जागी वरची माती घसरते. ती आजूबाजूच्या मातीपेक्षा गडद आणि भुसभुशीत असते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातल्या घरांचे आकार कळले, ते अशाच खळग्यांच्या ओळींवरून. लुंबिनीत हे खळगे ओळीनं होते, कुंपणासारखे, आणि त्यांनी मधली एक जागा वेढली होती. नंतरच्या विटांच्या मंदिरानंही तीच आखणी पाळली. त्या मधल्या जागेवर छत असल्याची खूण मिळाली नाही. मातीचे नमुने घेऊन त्यांच्या पातळ कापांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला, तेव्हा तिथे खनिज झालेली झाडाची मुळं दिसली. भोवतालची चिकणमातीची जमीन माणसांच्या वावरानं गुळगुळीत झालेली होती. म्हणजे मध्ये झाड, भोवती लाकडी कुंपण, आणि येणारे-जाणारे लोक.

थरांनी इथवर आणून सोडलं. कुंपण जुन्या विटांच्या आधीचं, जुन्या विटा मौर्य विटांच्या आधीच्या, आणि मौर्य विटा अशोकाच्या काळाच्या. क्रम पक्का झाला. पण क्रम म्हणजे वर्ष नव्हे. कुंपण अशोकाच्या आधी वीस वर्षांचं की पाचशे वर्षांचं, हे थर सांगत नाहीत. त्यासाठी खळग्यांतल्या मातीत सापडलेले कोळशाचे कण प्रयोगशाळेत गेले.

हवेतल्या कार्बनमध्ये साधारण एक लाख कोटी, म्हणजे एकावर बारा शून्यं इतक्या अणूंमागे एक कार्बन-१४चा अणू असतो. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे तो वातावरणाच्या वरच्या भागात सतत तयार होतो. झाड जिवंत असेतो हवेतून तो घेत राहतं. ज्या दिवशी लाकडाचा एखादा थर वाढायचा थांबतो, त्या दिवशी त्याची आवक बंद होते आणि आत असलेला कार्बन-१४ हळूहळू विघटित होऊ लागतो. ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. विलर्ड लिबी यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत उभी केली आणि १९६०मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. भारतातली अशी पहिली प्रयोगशाळा मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उभी राहिली, पुढे ते काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेलं. तेव्हा विघटनाचे ठोके मोजत बसावं लागे आणि काही ग्रॅम कोळसा लागे. आता त्वरणयंत्रात कार्बन-१४चे अणू थेट मोजतात, त्यामुळे मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कोळशात मूळ कार्बन-१४पैकी सुमारे ७४ टक्के शिल्लक असतो. मोजणीत एका टक्क्याची चूक झाली तर वय सुमारे ८० वर्षांनी हलतं. म्हणून नमुन्याची सफाई हा निम्मा खेळ आहे. तराईत भूजल वर असतं, आणि पाणी वरच्या थरांतल्या कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातली ह्युमिक आम्लं विरघळवून खाली नेतं. ती कोळशाच्या छिद्रांत शिरतात. समजा एखाद्या नमुन्यात एक दशांश कार्बन आजचा मिसळला, तर अडीच हजार वर्षांचा कोळसा जवळपास तीनशे वर्षांनी तरुण दिसेल. म्हणून आधी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक मुळं वेचून काढतात, मग आम्लात धुऊन चुन्याचा अंश घालवतात, मग अल्कलीत धुऊन ह्युमिक आम्लं काढतात, मग पुन्हा आम्लात. अल्कलीचं पाणी तपकिरी यायचं थांबलं की समजायचं कोळसा साफ झाला. त्यानंतर तो जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि त्यापासून ग्रॅफाइट करतात, आणि ते यंत्रात जातं.

यंत्रातून जो आकडा येतो तो ‘आजपासून इतक्या वर्षांपूर्वी’ असा असतो, आणि इथे ‘आज’ म्हणजे १९५० साल असा संकेत आहे. पण हा आकडाही कॅलेंडरचं वर्ष नव्हे, कारण हवेतला कार्बन-१४ सगळ्या काळात सारखा नव्हता. सूर्य शांत असला की अंतराळातले किरण जास्त येतात आणि कार्बन-१४ जास्त बनतो. सूर्य सक्रिय असला की कमी. म्हणून वय ठाऊक असलेल्या झाडांच्या वार्षिक वलयांमधला कार्बन-१४ मोजून एक आलेख तयार केला आहे. यंत्राचा आकडा त्या आलेखावर ठेवून खरं वर्ष वाचायचं.

या आलेखात एक जागा अशी आहे जी भारतीय उपखंडाच्या इतिहासाला विशेष जाचते. इ.स.पू. ८०० ते ४०० या चार शतकांत आलेख जवळजवळ आडवा होतो. त्याचं कारण असं. आठव्या शतकाच्या सुमारास सूर्य शांत होता, हवेत कार्बन-१४ वाढला होता. नंतर तो हळूहळू कमी होत गेला. आता इ.स.पू. ७५०मध्ये मेलेलं झाड घ्या आणि इ.स.पू. ४५०मध्ये मेलेलं झाड घ्या. पहिल्यानं सुरुवातीला जास्त कार्बन-१४ घेतला होता आणि त्याच्यातला तीनशे वर्षं अधिक विघटित झाला. दुसऱ्यानं कमी घेतला होता, विघटनालाही कमी वेळ मिळाला. आज दोघांत जवळपास सारखाच उरला आहे. यंत्र कितीही चांगलं असलं तरी दोन्ही लाकडांना जवळजवळ एकच वय सांगेल. युरोपातल्या लोहयुगाच्या संस्कृतीवरून या सपाट भागाला हॉलस्टाट पठार म्हणतात. बुद्ध, महावीर, महाजनपदं, गंगेच्या खोऱ्यातली पहिली शहरं, हे सारं नेमकं याच पठारावर येतं.

लुंबिनीच्या दोन खळग्यांतल्या कोळशाची वयं आली ती अशी: एक इ.स.पू. ८०१ ते ५४८ आणि दुसरं इ.स.पू. ७९९ ते ५४६. दोन वेगवेगळ्या खळग्यांमधून इतके जुळणारे आकडे यावेत ही समाधानाची गोष्ट. पण अडीचशे वर्षांची ती रुंदी यंत्राच्या चुकीमुळे आलेली नाही, पठाराच्या वरच्या काठामुळे आली आहे. आणि अशा पट्ट्यात मधलं वर्ष सर्वांत संभाव्य असतं असंही नाही. आलेख तिथे वरखाली होतो, त्यामुळे संभाव्यता पट्ट्यात तुकड्यातुकड्यानं विखुरलेली असते. ‘मधोमध धरू या’ म्हणणं इथे चुकीचं आहे.

आता बातमीकडे परत पाहू. ‘सहावं शतक’ हे त्या पट्ट्याचं अगदी अलीकडचं टोक आहे. पट्ट्याचा बहुतेक भाग आठव्या आणि सातव्या शतकात पडतो. बातम्यांनी अलीकडचं टोक उचललं, कारण बुद्धाची परंपरागत तारीख तिथे बसते.

आणि बुद्धाची ती तारीख तरी कुठून येते? तीही शेवटी अशोकाच्या अभिषेकावर टांगलेली आहे. श्रीलंकेच्या परंपरेनुसार महापरिनिर्वाणानंतर २१८ वर्षांनी अशोकाचा अभिषेक झाला. इ.स.पू. २६८मध्ये २१८ मिळवले की परिनिर्वाण इ.स.पू. ४८६. आयुष्य ऐंशी वर्षांचं, म्हणून जन्म इ.स.पू. ५६६. उत्तरेकडच्या संस्कृत परंपरेत मात्र हेच अंतर शंभर वर्षांचं आहे. त्या हिशेबानं परिनिर्वाण इ.स.पू. ३६८ आणि जन्म इ.स.पू. ४४८. आज बरेच अभ्यासक या दोहोंच्या मधली, पण दुसरीच्या जवळची तारीख मानतात. म्हणजे पहिला हिशेब धरला तर कोळशाच्या पट्ट्याचं फक्त शेवटचं टोक बुद्धाच्या आयुष्याला स्पर्श करतं, दुसरा धरला तर तेही नाही.

याचे अर्थ दोन होऊ शकतात. एक, झाड आणि कुंपण बुद्धाच्या आधीपासून तिथे होतं. वृक्षपूजा या भूमीत बौद्ध धर्माहून जुनी आहे, आणि पवित्र झाडाच्या जागेवर नंतर बुद्धजन्माची परंपरा येऊन बसली, असं घडू शकतं. शोधनिबंध आल्यावर काही अभ्यासकांनी हाच आक्षेप घेतला. झाडाच्या मुळांवर कोणत्या देवतेचं नाव लिहिलेलं नसतं.

दुसरा अर्थ मला अधिक विचार करण्यासारखा वाटतो, कारण तो थरांच्या तर्काशी जोडलेला आहे. कोळशाचं वय म्हणजे ते लाकूड वाढायचं थांबल्याचं वय. मोठ्या झाडाच्या गाभ्यातली वलयं झाड उभं असतानाच मेलेली असतात, त्यामुळे साल-वृक्षासारख्या दीर्घायुषी झाडाच्या गाभ्यातला कोळसा झाड तोडण्याच्या वर्षाहून शंभर-दीडशे वर्षं जुना निघू शकतो. शिवाय खळग्यात भरलेली माती आसपासचीच असते. खांब रोवताना किंवा तो गेल्यावर जुन्या वस्तीच्या राखेतले कण तिच्यात मिसळू शकतात. म्हणून खळग्यातला कोळसा कुंपणाची तारीख देत नाही, तो फक्त एक खालची मर्यादा घालतो: हा खळगा या लाकडाच्या मरणानंतर भरला. किती नंतर, हे तो बोलत नाही.

पथकाला ही अडचण माहीत होती, म्हणूनच त्यांनी खळग्यातल्या मातीचंही वय वेगळ्या पद्धतीनं काढलं. वाळूतल्या क्वार्ट्झच्या कणांना एक गुण आहे. आसपासच्या मातीतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गानं सुटलेले इलेक्ट्रॉन त्यांच्या स्फटिकातल्या दोषांमध्ये अडकत जातात. उन्हाचा प्रकाश पडला की ते सुटतात आणि साठा शून्य होतो. कण पुन्हा मातीखाली गाडला गेला की साठा नव्यानं भरू लागतो. त्यामुळे खंदकाच्या बाजूत लोखंडी नळी ठोकून, उजेड न लागू देता नमुना घेतात आणि अंधाऱ्या प्रयोगशाळेत त्यावर ठराविक रंगाचा प्रकाश टाकतात. सुटणारे इलेक्ट्रॉन जो मंद उजेड देतात, त्यावरून किती मात्रा साठली ते कळतं. समजा साठलेली मात्रा, ग्रे या एककात, ७.५ आली आणि त्या मातीत दर हजार वर्षांना ३ ग्रे साठतात असं मोजलं, तर कण अडीच हजार वर्षं अंधारात आहे. कमकुवत दुवा आहे तो मातीतल्या पाण्याचा. पाणी किरणोत्सर्ग शोषतं. गेल्या अडीच हजार वर्षांत ती माती सरासरी किती ओली होती हे आपण अंदाजानंच धरतो, आणि ओल कमी धरली तर वय कमी निघतं.

या मोजणीतून खळग्यातल्या मातीचं वय आलं इ.स.पू. ५४५, अधिक-उणे २३५ वर्षं. म्हणजे इ.स.पू. ७८० ते ३१०. पट्टा कोळशाच्या पट्ट्याहूनही रुंद आहे, पण तो एक मोठं काम करतो: कोळशावर तो अवलंबून नाही. हॉलस्टाट पठाराचा त्याला त्रास नाही, जुन्या लाकडाचा नाही, भूजलातल्या ह्युमिक आम्लांचाही नाही. त्याच्या चुका वेगळ्या आहेत. दोन वेगळ्या कारणांनी चुकू शकणाऱ्या पद्धती जिथे एकमेकींवर पडतात, तिथे आपला विश्वास वाढतो. आणि मुख्य म्हणजे तो खळगा भरण्याच्या घटनेच्या जास्त जवळ आहे.

मग कुंपणाबद्दल प्रामाणिकपणे काय म्हणता येतं? वरची मर्यादा अशोकाची आणि ती थरांमुळे अभेद्य आहे: कुंपण इ.स.पू. २४९च्या आधीचं, आणि मधली जुन्या विटांची रचना बांधून वापरली जायला काही काळ लागला असणारच, म्हणून त्याच्याही बरंच आधीचं. खालची मर्यादा कोळशाची: त्यातलं लाकूड इ.स.पू. ८०० ते ५५०च्या दरम्यान केव्हातरी मेलं, कुंपणाचा खळगा त्यानंतर भरला. मातीतले कण या दोन मर्यादांच्या मधल्या काळाशी जुळतात. त्यापुढे जाऊन एखादं शतक निवडणं म्हणजे पुराव्याच्या पुढे जाणं. तरीही मिळालेली गोष्ट लहान नाही. हे उत्खनन होईपर्यंत लुंबिनीत अशोकाच्या आधी पूजास्थान होतं याचा मातीतला पुरावा नव्हता. फक्त ‘इथे जन्मले’ असं म्हणणारा दगड होता. आता अशोकाच्या आधीच्या किमान दोन टप्प्यांचं बांधकाम हाताशी आहे.

हा पट्टा आणखी अरुंद करायचा तर काय लागेल, हेही स्पष्ट आहे. कोळशाच्या जागी एकाच हंगामात वाढलेली वस्तू हवी, भाताचा दाणा किंवा जळकी काडी, म्हणजे जुन्या लाकडाची शंका मिटते. ती खळग्याच्या भरावातली नको, तर कुंपणाच्या काळात वापरात असलेल्या जमिनीवर पडून लगेच झाकली गेलेली हवी. आणि एक-दोन नमुने नकोत, एकावर एक असलेल्या थरांमधले आठ-दहा हवेत. थरांचा क्रम ठाऊक असेल तर गणितात तो घालता येतो: खालचा नमुना वरच्याहून जुना असलाच पाहिजे, ही अट लावली की पठारावरच्या रुंद पट्ट्यांमधले अशक्य तुकडे गळून पडतात. सातव्या शतकातला खालचा थर आणि पाचव्या शतकातला वरचा थर, एकटे मोजले तर वेगळे ओळखू येत नाहीत; रांगेत उभे केले तर येऊ शकतात. शिवाय इ.स.पू. ४००नंतर आलेख पुन्हा उतरू लागतो. त्यामुळे त्या रांगेतला एक जरी नमुना पठाराच्या पलीकडचा निघाला, तर त्याच्या आधारानं खालच्या सगळ्यांचे पट्टे आखूड होतात.